अर्जात ‘पाणी येत नाही’ यापुढे काय हवे

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे

विषय: नळयोजनेच्या तक्रार अर्जासोबत टाकीची मोजणी मागवण्याबाबत

महोदय,

बारामतीच्या जिरायत पट्ट्यातले आणि इंदापूर तालुक्यातले सरपंच माझ्याकडे पाण्याचे अर्ज लिहून घ्यायला येतात. सोबतच्या कागदावर बहुधा चारच ओळी असतात: तळे आटले. मोटर सारखी जळते. टाकी भरत नाही. वरच्या आळीला थेंब नाही.

या चारही ओळी खऱ्या असतात, पण प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो. साठवण तळे कालव्यावर भरत असेल आणि आवर्तन लांबले असेल, तर मागणी जलसंपदा विभागाकडे करावी लागते. मोटर कमी दाबाच्या विजेने जळते, तशीच विहिरीतली पातळी खाली जाऊन कोरडी चालल्यानेही जळते. पहिल्या बाबतीत वीज कंपनीकडे जावे लागते, दुसऱ्या बाबतीत उद्भवच अपुरा असतो. चारही ओळी एकाच अर्जात ‘पाणीटंचाई’ म्हणून गेल्या, की उत्तरादाखल टँकर सुचवला जातो.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी मी सरपंचांना एक मोजणी करायला सांगतो. दोन हजार वस्तीचे गाव धरा. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने रोज 1,10,000 लिटर पाणी लागते. मोटर पाच तास चालत असेल, तर तासाला 22,000 लिटर पाणी टाकीत पडले पाहिजे. आता 50,000 लिटरची टाकी रिकामी करून गावाकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि मोटर सुरू करायची. टाकी सव्वादोन तासांच्या आसपास भरली, तर मोटर आणि चढती नळी ठीक आहे. दोष गावातल्या वाटपात शोधायचा. चार तास लागले, तर तासाला 12,500 लिटरच पाणी चढते आहे. मग विहिरीची पातळी आणि विजेचा दाब पाहायचा. दोन्ही ठीक असतील, तर मोटर तपासायची आणि विहिरीपासून टाकीपर्यंत नळीच्या कडेने चालत ओली जमीन शोधायची.

यानंतर अर्ज असा होतो: ‘उद्भवात पाणी आहे, विजेचा दाब पुरेसा आहे, पण टाकी सव्वादोनऐवजी चार तासांत भरते. चढत्या नळीला अमुक ठिकाणी गळती आहे. टँकर नको, टंचाई आराखड्यातून नळयोजनेची विशेष दुरुस्ती मंजूर व्हावी.’ सोबत ग्रामसभेचा ठराव आणि मोजणीचा तक्ता जोडायचा.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीला या मोजणीचा एक पानी नमुना द्यावा. तो भरून आलेल्या अर्जाची पाहणी शाखा अभियंत्याने सरपंचांना सोबत घेऊन, मोटर चालू असतानाच करावी, आणि दोष कुठे सापडला ते त्याच तक्त्यावर लिहून द्यावे. तसे झाले, तर पुढचा अर्ज कोणत्या कार्यालयात न्यायचा हे सरपंचांना त्याच दिवशी कळेल.

आपला नम्र,
निवृत्त ग्रामसेवक, इंदापूर तालुका