घरखर्चाचा डॉलर आणि ठेवीचा डॉलर

परदेशी गेलेल्या मुलाने नागपुरास पाठवलेला पैसा देशाच्या व्यवहारतोलात कोणत्या खात्यावर लिहावयाचा, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांत या ना त्या रूपाने येतच असतो. ‘बाहेरून पैसा आला, म्हणजे भांडवल आले’ असे समजून बरेच विद्यार्थी भांडवली खाते असे उत्तर लिहितात. थोडे अधिक वाचलेले ‘अनिवासी भारतीयांचा पैसा म्हणजे चालू खाते’ असे पाठ केलेले उत्तर देतात. दोन्ही उत्तरे निम्मी चूक आहेत, आणि ही चूक केवळ दोन गुणांची नाही. १९९१ साली देशावर परकी चलनाचे जे संकट आले, त्याच्या कारणांपैकी एक कारण याच दोन प्रकारच्या पैशांतील फरकात दडलेले होते.

वर्गीकरणाची कसोटी तशी साधी आहे. पैसा कोठून आला, किती आला, कोणत्या बँकेतून आला हे येथे पाहावयाचे नसते. त्या व्यवहाराने परदेशस्थाचे आपल्या देशावर काही येणे निर्माण झाले का, अथवा असलेले येणे फिटले का, एवढेच पाहावयाचे असते. येणे-देणे बदलले तर ती नोंद भांडवली खात्याची. माल, सेवा, उत्पन्न किंवा बिनपरतीची मदत असेल तर ती चालू खात्याची. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या १९९३ च्या नियमपुस्तिकेने जुन्या भांडवली खात्याचे दोन भाग केले आणि त्यातील फार मोठा भाग ‘वित्तीय खाते’ या नावाखाली नेला. आपल्याकडील पाठ्यपुस्तके आणि सार्वजनिक चर्चा मात्र दोहोंना मिळून भांडवली खातेच म्हणतात; या लेखातही तोच अर्थ घेतला आहे.

आता धरमपेठेतील एका निवृत्त शिक्षकाचे घर कल्पून पाहावे. मुलगा अमेरिकेत नोकरीस आहे आणि तेथेच स्थायिक झाला आहे. एके दिवशी तो दहा हजार डॉलर पाठवतो. त्यांपैकी चार हजार वडिलांच्या बचत खात्यात घरखर्चासाठी जातात. उरलेले सहा हजार त्याच बँकेच्या त्याच शाखेत त्याच्या स्वतःच्या नावाने, परत नेता येण्याजोग्या रुपयाच्या अनिवासी ठेवीत पडतात. शाखेतील कारकुनाला दोन्ही रकमांचे दर्शन एकाच पडद्यावर घडते. पण हेतू दाखवणारे संकेतांक निराळे असतात. घरखर्चाच्या रकमेला P1301, तर अनिवासी ठेवीच्या रकमेला P0014. वडिलांना मिळालेले चार हजार कोणालाही परत करावयाचे नाहीत, म्हणून ते खासगी हस्तांतरण या सदराखाली चालू खात्यात जमा होतात. ठेवीचे सहा हजार हे मुलाचे बँकेकडील येणे आहे, म्हणजेच परदेशस्थाचे भारताकडील येणे आहे. ते भांडवली खात्यात जमा होतात.

येथपर्यंत विद्यार्थी सहसा चुकत नाही. खरी अडचण वर्ष सरल्यावर येते. ठेवीवर सात टक्के दराने व्याज चढले आणि हुंडणावळीचा दर स्थिर राहिला असे धरले, तर ते चारशे वीस डॉलर होतात. मुलाने ते उचलले नाहीत, ठेवीतच राहू दिले. एकही डॉलर देशाबाहेर गेलेला नाही, तेव्हा नोंद कसली, असा प्रश्न वर्गात हमखास निघतो. तथापि व्याज हे परदेशस्थाने भारतात कमावलेले उत्पन्न आहे. ते चालू खात्यात नावे पडतेच. ते ठेवीतच राहिल्याने भारताचे देणे तेवढ्याने वाढले, म्हणून तीच रक्कम भांडवली खात्यात जमा दिसते. मिहानमधील दासो-रिलायन्सच्या कारखान्यालाही हाच न्याय लागू पडतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याची कोनशिला बसली तेव्हा फ्रेंच कंपनीचा वाटा एकोणपन्नास टक्के ठरला होता. अशा कारखान्यात परदेशी भागीदाराच्या वाट्याचा नफा वाटला न जाता येथेच गुंतवला गेला, तरी तो एका बाजूने चालू खात्यावरील खर्च आणि दुसऱ्या बाजूने नवी परकी गुंतवणूक म्हणूनच लिहिला जातो.

पुढे बहिणीचे लग्न निघते. मुलगा नागपुरास येतो आणि ठेवीतून दोन हजार डॉलरइतके रुपये काढून येथेच खर्च करतो. परीक्षार्थी सर्वांत जास्त फसतो तो येथे. भारताचे देणे दोन हजारांनी कमी झाले, म्हणून भांडवली खाते नावे. पण ती रक्कम परदेशी न जाता घरच्यांच्या कामी आली, म्हणून चालू खात्यात तितकीच रक्कम खासगी हस्तांतरण म्हणून जमा. रिझर्व्ह बँक असे स्थानिक उचल झालेले पैसे याच सदरात धरते. त्या दिवशी देशात एकही नवा डॉलर आलेला नसतो, तरीही परदेशस्थ भारतीयांनी पाठवलेल्या पैशांचा आकडा वाढलेला असतो.

हिशेब बरोबर लागला की नाही हे ताडून पाहण्याची सोयही यातच आहे. चालू खात्यात चार हजार जमा, चारशे वीस नावे, पुन्हा दोन हजार जमा; निव्वळ पाच हजार पाचशे ऐंशी. भांडवली खात्यात सहा हजार आणि चारशे वीस जमा, दोन हजार नावे. निव्वळ चार हजार चारशे वीस. दोहोंची बेरीज दहा हजार, म्हणजे प्रत्यक्षात देशात आलेले डॉलर तेवढेच. शिवाय भांडवली खात्याची निव्वळ रक्कम ही ठेवीच्या खात्यातील शिल्लकेशी जुळते. ज्याची बेरीज अशी जुळत नाही, त्याने कोठेतरी एकाच नोंदीवर थांबून दुसरी विसरलेली असते.

प्रत्यक्ष कारभारातही अशी चूक होऊ शकते. ठेवीच्या सहा हजारांवर कारकुनाने घाईत घरखर्चाचा संकेतांक टाकला, तर ते चालू खात्यात जातील; इकडे ठेवींची शिल्लक बँका निराळी कळवतात, तेव्हा तीच रक्कम भांडवली खात्यातही दिसेल. एकच पैसा दोनदा जमा, पण गंगाजळीत भर एकदाच. हा फरक मग ‘चुका व वगळ’ या सदरात उणे चिन्हाने येऊन बसतो. त्या ओळीकडे सहसा कोणी पाहत नाही, हे दुर्दैव.

हा भेद किती महाग पडू शकतो, हे १९९०-९१ ने दाखवून दिले. कुवेतवर इराकने आक्रमण केल्यावर तेथील भारतीय कामगार मोठ्या संख्येने मायदेशी परतले आणि त्यांच्याकडून येणारा पैसा आटला. ही हानी चालू खात्याची होती, आणि तिला मर्यादा होती. नवा पैसा येणे थांबले, परंतु पूर्वी घरी पाठवलेला पैसा कोणी परत मागितला नाही, मागू शकतही नव्हते. ठेवींचे तसे नव्हते. देशाची पत घसरते आहे असे दिसताच अनिवासी ठेवीदारांनी आपला पैसा काढून घेण्यास आरंभ केला, आणि १९९१ च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत नव्वद कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाहेर गेली. चांगल्या काळात दोन्ही प्रकारचे डॉलर सारखेच दिसत होते. वाईट काळ येताच एकाने पाय काढला.

त्याच वर्षी जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे सत्तेचाळीस टन सोने परदेशी मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवून सुमारे चाळीस कोटी डॉलर उभे केले. सोने विमानाने बाहेर गेले, तेव्हा ती निर्यात समजून चालू खात्यात जमा करावी काय? नाही. मालकी बदलली नव्हती, कर्ज काढले होते, आणि कर्ज भांडवली खात्याचे. इतवारीच्या सराफ्यात येणारे परदेशी सोने मात्र सराफ विकत घेतो. ती सरळ मालाची आयात आहे आणि चालू खात्यावर नावे पडते. धातू एकच, पण वर्ग निराळा.

२०१३ च्या उत्तरार्धात रुपया कोसळत असताना रिझर्व्ह बँकेने बँकांना सवलत देऊन परकी चलनातील अनिवासी ठेवी मागवल्या, आणि सुमारे सव्वीस अब्ज डॉलर जमले. त्या वेळी त्याचा मोठा गौरव झाला. तो अस्थानी नव्हता. पण ते डॉलर तीन वर्षांच्या मुदतीचे होते आणि २०१६ मध्ये परत करावेच लागले. रिझर्व्ह बँकेने आगाऊ तजवीज केल्यामुळे ती परतफेड सुरळीत पार पडली. घरखर्चासाठी येणाऱ्या पैशाकरिता अशी कोणतीही तजवीज करावी लागत नाही.

म्हणूनच वार्षिक आकडे वाचताना सावधगिरी हवी. २०२४-२५ मध्ये खासगी हस्तांतरणाने देशात सुमारे १३५ अब्ज डॉलर आले, ही बातमी ठळक मथळ्यांनी छापली गेली. एवढे येऊनही चालू खात्यावर त्या वर्षी सुमारे २३ अब्ज डॉलरची तूट उरली, यावरून या पैशावर देशाची किती भिस्त आहे हे कळते. परंतु या १३५ अब्जांत ठेवींतून येथेच उचललेला पैसाही आहे, हे मथळ्यांत कोठे आढळत नाही. ठेवीदारांनी ठेवी मोडून येथे खर्च वाढवला, तर चालू खाते सुधारल्यासारखे दिसेल आणि भांडवली खाते तितकेच खालावेल. देशाच्या गंगाजळीत काहीच फरक पडणार नाही. रिझर्व्ह बँकेने ही स्थानिक उचल मुख्य आकड्याच्या शेजारीच दरवेळी स्वतंत्रपणे छापली, तर वृत्तपत्रांची आणि विद्यार्थ्यांचीही सोय होईल.

घराचा प्रश्नही याच जातीचा आहे. वर्धा मार्गावर मुलाने स्वतःच्या नावावर सदनिका घेतली, तर परदेशस्थाची भारतातील मालमत्ता वाढली. ते भांडवली खाते. तेच पैसे वडिलांना देऊन खरेदीखत वडिलांच्या नावाने झाले, तर ते हस्तांतरण, म्हणजे चालू खाते. विटा, सिमेंट, बिल्डर सारे तेच. खरेदीखतावरील नाव तेवढे निराळे.

आणि हाच मुलगा एके दिवशी बिऱ्हाड गुंडाळून कायमचा नागपुरास परतला तर? नागरिकत्व येथे अप्रस्तुत आहे, निवास महत्त्वाचा. तो निवासी होताच बँक त्याची अनिवासी ठेव निवासी खात्यात वळवते आणि देशाचे परदेशस्थाकडील देणे तितक्याने नाहीसे होते. जुन्या पाठ्यपुस्तकांत असे प्रसंग ‘स्थलांतरितांची हस्तांतरणे’ म्हणून भांडवली खात्यात सापडतात. २००९ च्या नियमपुस्तिकेने ती नोंद काढून टाकली, कारण कोणी कोणाला काहीच दिलेले नसते. माणसाचा पत्ता तेवढा बदललेला असतो. ती जुनी आवृत्ती वाचून परीक्षेस बसणारा विद्यार्थी अजूनही भांडवली खाते असेच लिहितो.