मातीच्या हातांना ओवीच बरी

रविवारी मिस्सेहून आल्यावर कुंड्यांपाशी बसायचं, तर गाणं कुठलं? माझं उत्तर ठरलेलं आहे: जात्यावरची ओवी. आणि तीही मोबाईलवर लावलेली नाही, स्वतः म्हटलेली.

पहिलं कारण साधं आहे. बेळगावची लाल माती हाताला लागली की स्क्रीनला बोट लावता येत नाही. मग मध्येच आलेली जाहिरात ऐकत बसा!

दुसरं कारण मोगऱ्याचं. त्याची पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. म्हणून खुरपं बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल घालायचं नाही. कडेकडेनं माती मोकळी करायची, मूठभर शेणखत पसरायचं, वरून थोडं पाणी. पण कानात ढोलाचं गाणं असलं की हात त्या ठेक्यावर चालतो, खुरपं खोल जातं नि मुळं तुटतात. माती ओली असूनही दोन दिवसांत पानं माना टाकू लागली, तर बहुधा असंच काहीतरी झालेलं असतं.

मग भलरी का नको? भलरी शेतातलीच, मातीतलीच. पण ती ओळीनं कामाला लागलेल्या माणसांचे हात एकत्र चालावेत म्हणून असते. कुंडीपाशी मी एकटी. मध्येच गांडूळ दिसतं, त्याला बाजूला ठेवायचं असतं. ओवीला हे चालतं, कारण प्रत्येक ओवी आपल्यापुरती पूर्ण असते. एक झाली की थांबा, श्वास घ्या, वाटलं तर दुसरी म्हणा. जात्यात वैरण टाकायला बाई थांबायचीच की. (फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणातही ओवीच आहे, पण तिथे कथा पुढे न्यायची असते, मध्येच उठून चालत नाही.)

गी प्वातवाँ नि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. इथेच माझा थोडा हट्ट आहे. माझ्या मैत्रिणी ही रेकॉर्डिंग मागे लावून अभ्यास करतात, 'किती शांत वाटतं गं' म्हणतात. अगं, पण ती बाई सासरचा जाच सांगतेय, भावाची वाट बघतेय! तिचं दुखणं आपल्या शांततेसाठी मागे वाजवत ठेवायचं, हे मला पटत नाही. बसून ऐकायचं असेल तर नीट ऐका. नाहीतर दोनच ओव्या पाठ करा आणि खुरपं हातात घेऊन म्हणा. स्वतःच्या तोंडून म्हणताना शब्दांकडे दुर्लक्ष करता येत नाही. चाल चुकली तरी मोगऱ्याची काही तक्रार नसते.

खताचं पोतं ओढताना मात्र ओवी म्हणू नका, धाप लागते.