अर्ज यंत्रासाठी, पत्र माणसासाठी

बीएचं शेवटचं वर्ष सुरू झालं की आपल्या गप्पांत ‘एटीएस’ हा शब्द येतो. एटीएस म्हणजे कंपनीकडे आलेले अर्ज साठवणारं, वाचणारं आणि शोधून देणारं सॉफ्टवेअर. मग कुणीतरी सांगतं, जाहिरातीतले सगळे शब्द पत्रात कोंबा, नाहीतर यंत्र अर्ज फेकून देतं. माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी तो मानू नये.

यंत्र नेमकं काय करतं ते आधी पाहू. ते फाइलमधला मजकूर काढून नाव, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरतं. पुढे निवड करणारी व्यक्ती शोधचौकटीत `Marathi AND proofreading` असं काहीतरी टाइप करते आणि ज्यांच्या अर्जात ते शब्द आहेत, ते अर्ज समोर येतात. अर्ज आपोआप बाद होतो तो बहुतेक वेळा फॉर्ममधल्या हो-नाहीच्या प्रश्नांमुळे. ‘दोन वर्षांचा अनुभव आहे का?’ याला ‘नाही’ म्हटलं असेल, तर पत्रातला कुठलाही शब्द आपल्याला वाचवत नाही.

म्हणजे शब्द महत्त्वाचे आहेतच, पण ते सापडण्यापुरते. साधा शोध शब्दशः चालतो. आपण ‘मुद्रितशोधन’ लिहिलं आणि शोधणाऱ्याने ‘प्रूफरीडिंग’ टाइप केलं, तर अर्ज दिसेलच असं नाही. म्हणून जाहिरातीत जो शब्द आहे, तोच आणि त्याच स्पेलिंगने घ्यावा. पदवी संक्षिप्त आणि पूर्ण, अशी दोन्ही रूपांत एकदा लिहावी. यात लबाडी काही नाही. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या बोलीत बोलणं, एवढंच ते आहे.

शब्द किती घ्यायचे? समजा, मराठी मजकूर तपासण्याच्या कामाची जाहिरात आहे. त्यात प्रूफरीडिंग, स्टाइल गाइड, युनिकोड टायपिंग आणि लोकलायझेशन हे शब्द आहेत. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहायचा: हे मी कुठे केलंय? लोकलायझेशनसमोर उत्तर नसेल, तर तो शब्द सोडायचा. उरलेले तीन रेझ्युमेत जातील, आणि त्यातले दोन पत्रात.

कोंबलेलं वाक्य असं असतं: ‘मी प्रूफरीडिंग, स्टाइल गाइड, युनिकोड टायपिंग व टीमवर्क यांत निपुण आणि मेहनती उमेदवार आहे.’ आता हे पाहा: ‘कॉलेजच्या मराठी ई-मासिकाच्या दोन अंकांचं प्रूफरीडिंग मी केलं. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार सगळ्यांनी एकसारखे लिहावेत म्हणून एका पानाची स्टाइल गाइड तयार केली.’ शब्द तेच आहेत, पण इथे प्रत्येकाला क्रियापद मिळालं, काम मिळालं, आकडा मिळाला. यंत्राला शब्द सापडतो आणि माणसाला कामाचा पुरावा. पत्र इंग्रजीत लिहिलं तरी नियम हाच.

ओळखायची खूणही सोपी आहे. वाक्यातून तो शब्द काढून पाहा. माहिती कमी झाली तर शब्द हक्काचा; काहीच बिघडलं नाही तर तो भरतीचा. आणि पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवायची युक्ती तर नकोच. मजकूर काढताना रंग गळून पडतो, आणि लपवलेली यादी वाचणाऱ्याला उघडी दिसते.

आपल्या भागात मात्र शब्दांच्या आधी फॉन्ट बघावा लागतो. आमच्या कुक्षीत काय किंवा धारला काय, टायपिंगच्या दुकानात कृतिदेव अजून दिसतो. कृतिदेव युनिकोड नाही. पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतं ते असं:

```
ejkBh
```

यंत्र हेच वाचणार. कितीही नेमके शब्द निवडले तरी ते त्याच्या दृष्टीने तिथे नाहीतच. स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफचंही तसंच: ते चित्र असतं, मजकूर नसतो. दोन रकान्यांचा देखणा साचा घेतला, तर काही वेळा दोन्हीकडच्या ओळी एकमेकींत मिसळतात.

म्हणून पाठवण्याआधी एक मिनिट द्या. फाइलमधला सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे दिसेल, साधारण तेच यंत्राला मिळेल. ओळी क्रमाने आल्या, देवनागरी शाबूत राहिली, फोन नंबर जागेवर आहे, की यंत्राचं काम संपलं.

त्यानंतर पत्र मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे बहुतेक एखादा शब्द यंत्राच्या भीतीने बसवलेला असतो. तो काढा. शेवटी पत्र उघडणारा माणूसच असतो, आणि त्याने त्या दिवशी ‘निपुण आणि मेहनती’ बऱ्याच वेळा वाचलेलं असतं.