एका दिवसाचे दोन भाव

राजीनामा देऊन पंचेचाळीस दिवस इमानेइतबारे काम केलेल्या माणसाच्या हाती शेवटच्या दिवशी काय पडावे? थकलेला पगार आणि शिल्लक रजेचे पैसे, असेच कोणीही म्हणेल. परंतु पुण्याच्या हिंजवडी-खराडीपासून बंगलोरपर्यंत संगणक-उद्योगात राबणाऱ्या हजारो तरुणांना आज नेमका उलटा अनुभव येतो. हातात पडतो तो एक हिशेबाचा कागद, आणि त्याच्या तळाशी कामगारानेच कंपनीला द्यावयाची रक्कम लिहिलेली असते. पांढरपेशांची ही आपापसातली कुरबूर आहे, असे समजून आपल्या चळवळीने तिच्याकडे आजवर फारसे लक्ष दिले नाही. ते यापुढे चालणार नाही.

नोटिशीची मुदत ही मूळची कामगाराच्या संरक्षणासाठी आलेली गोष्ट होय, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. 1948 च्या मुंबई दुकाने व संस्था कायद्यात वर्षभर नोकरी केलेल्या माणसाला तीस दिवसांची नोटीस किंवा तितका पगार दिल्यावाचून काढता येत नसे. बंधन होते ते मालकावर. औद्योगिक नोकरीच्या केंद्रीय आदर्श स्थायी आदेशांत मासिक पगाराच्या कायम कामगाराला आणि त्याच्या मालकाला सारखीच एक महिन्याची मुदत होती. आज संगणक-कंपन्यांच्या नेमणूकपत्रांत ती नव्वद दिवसांची झाली आहे. नवी नोकरी देणारा मात्र तीस किंवा पंचेचाळीस दिवसांत हजर व्हा म्हणतो. मधले दिवस पैसे मोजून सोडवून घ्यायचे, यालाच ‘बायआउट’ म्हणतात. मुदत तिपटीने वाढवायची आणि मग तीच मुदत विकायची, असा हा धंदा आहे.

हिशेब कसा होतो ते एका उदाहरणाने पाहू. आकडे सोपे जावेत म्हणून आम्ही ते गोल घेतले आहेत. कलमे मात्र नेमणूकपत्रांत सर्रास आढळणारीच आहेत. एका अभियंता तरुणीचा एकूण पगार महिना 1,20,000 रुपये आणि त्यातला मूळ पगार, म्हणजे बेसिक, 60,000 रुपये. रुजू होताना तिला 2,00,000 रुपयांचा जॉइनिंग बोनस मिळाला. बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागेल, अशी अट होती. साडेसात महिन्यांनी तिने राजीनामा दिला, नव्वदपैकी पंचेचाळीस दिवस भरले आणि नऊ महिने पूर्ण होताच ती बाहेर पडली. खात्यावर अठरा दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती.

कंपनीचा कागद असा बोलतो: न भरलेले 45 दिवस, दर दिवसाला एकूण पगाराच्या तिसाव्या हिश्श्याने 4,000 रुपये, म्हणून 1,80,000 वसूल. शिल्लक रजेचे 18 दिवस, दर दिवसाला बेसिकच्या तिसाव्या हिश्श्याने 2,000 रुपये, म्हणून 36,000 जमा. जॉइनिंग बोनस 2,00,000, सबंध वसूल. एकूण देणे 3,44,000. राजीनाम्यानंतरच्या दीड महिन्याचा 1,80,000 पगार कंपनीने आधीच अडकवून ठेवलेला असतो. तो वळता करूनही तिने आणखी 1,64,000 रुपये भरावेत, असा हुकूम निघतो.

वाचकांनी क्षणभर थांबून त्या दोन दरांकडे पाहावे. माणूस तीच, खुर्ची तीच, दिवस तोच. तो दिवस तिच्याकडून येणे असला तर त्याची किंमत 4,000 रुपये, आणि कंपनीकडून देणे असला तर 2,000! दाणेबाजारात घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला आपण काय म्हणतो, हे सांगावयास नको.

आता हाच हिशेब एका मापाने करून पाहू. दोन्हीकडे बेसिकचा दर धरला आणि अठरा दिवसांची रजा नोटिशीत वळती केली, तर न भरलेले दिवस 27 उरतात आणि त्यांचे 54,000 रुपये होतात. बारापैकी नऊ महिने तिने काम केलेच आहे, म्हणून बोनसचा उरलेल्या तीन महिन्यांपुरता चौथा हिस्सा, म्हणजे 50,000 परत घ्यावा. एकूण देणे 1,04,000. दीड महिन्याच्या पगारातून ते वजा केले तर तिच्याच हाती 76,000 रुपये पडतात. दोन हिशेबांत 2,40,000 रुपयांचे अंतर आहे. त्यातले 90,000 दराच्या दुटप्पीपणाचे आणि 1,50,000 बोनसच्या ‘सगळा परत’ या कलमाचे.

रजेचा प्रश्न येथे बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. दर दोन्हीकडे एकच असेल, तर रजेचे पैसे घेतले काय किंवा ती नोटिशीत वळती केली काय, फरक पडत नाही. पण दर दोन असतील तेव्हा वळती करण्यातच कामगाराचे हित असते. आपल्या उदाहरणात अठरा दिवस रोखीने घेतले तर 36,000 मिळतात, आणि नोटिशीत वळते झाले तर 72,000 वाचतात. म्हणूनच ‘नोटिशीच्या काळात रजा घेता येणार नाही व वळती करता येणार नाही’ हे वाक्य धोरणपुस्तिकेत मुद्दाम घातलेले असते. राजीनाम्याचे पत्र लिहिण्यापूर्वी ते वाचावे, आणि रजेच्या खात्याची प्रत काढून घरी ठेवावी. राजीनामा स्वीकारला गेला की पुष्कळ ठिकाणी ते खाते पाहण्याची सोय बंद होते.

बोनसच्या कलमात दोन फासे असतात. पहिला तारखेचा. बारा महिने शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मोजावयाचे की राजीनाम्याच्या दिवसापर्यंत, हे पत्रात काय लिहिले आहे यावर अवलंबून असते. शेवटचा दिवस धरला असेल, तर नवव्या महिन्याच्या अखेरीस राजीनामा देऊन नव्वद दिवस भरणाऱ्याचे बारा महिने पूर्ण होतात व बोनस वाचतो. राजीनाम्याचा दिवस धरला असेल, तर तोच माणूस सबंध दोन लाख गमावतो. दुसरा फासा कराचा. आपल्या उदाहरणातील तरुणीच्या उत्पन्नाच्या वरच्या टप्प्यावर उपकरासह 20.8 टक्के कर बसतो असे धरले, तर बोनसचे तिच्या हाती 1,58,400 रुपयेच आले. 41,600 सरकारात गेले. परत मात्र पूर्ण दोन लाख मागितले जातात. वसुली त्याच आर्थिक वर्षात झाली तर कंपनी करपात्र पगार कमी दाखवून हे दुरुस्त करू शकते, आणि तशी मागणी लेखी केली पाहिजे. मार्च उलटला की कंपनी हात झटकते आणि प्रकरण प्राप्तिकर खात्याच्या दारी जाते. नोटिशीपोटी कापलेल्या रकमेबाबत अहमदाबादच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने 2017 साली कामगाराच्या बाजूने निर्णय दिला होता: प्रत्यक्ष हाती आलेल्या पगारावरच कर. पण अपिलापर्यंत किती जण जाणार?

‘बायआउटचे पैसे आम्ही भरू’ असे नवी कंपनी म्हणते, तेव्हाही हुरळून जाऊ नये. ती रक्कम पगार म्हणून करपात्र ठरते. 1,80,000 मंजूर झाले तर वरील दराने 1,42,560 हाती येतात, आणि वर्षाच्या आत सोडल्यास तेही परत करण्याची अट नव्या पत्रात असतेच. जुनी बेडी तोडण्याचे पैसे देऊन नवी बेडी घातली जाते, एवढेच. काही कंपन्या नोटीस-वसुलीवर 18 टक्के वस्तू व सेवा कर लावीत असत. 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने असा कर लागत नाही हे स्पष्ट केले आहे. कागदावर ती ओळ दिसली तर सरळ नाकारावी.

कायदा कोठे उभा आहे? माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध नोकरीत डांबून ठेवता येत नाही, हे 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याने ठरलेले आहे. झगडा पैशांचाच असतो. त्या झगड्यात न्यायालये नेहमी कामगाराच्या बाजूला असतील, या भ्रमात आपण राहू नये. विजया बँकेच्या प्रकरणात 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला खुल्या स्पर्धेतून भरती करण्याचा खर्च पडतो आणि त्या हुद्द्याच्या पगाराच्या मानाने रक्कम जाचक नाही, असे कारण दिले. या निर्णयाचा आधार आता खाजगी कंपन्याही घेतील. पण त्यातच आपला प्रश्न दडलेला आहे: नऊ महिने काम करवून घेतल्यावर सबंध बोनस परत मागणाऱ्या कंपनीचे नुकसान नेमके किती झाले? 1872 च्या करार कायद्याचे 74 वे कलम वाजवी भरपाईच देते. करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा आहे, हक्काची रक्कम नव्हे.

21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांविषयी आमचे मत कडू आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. तरीही वेतनसंहितेत हाती येण्यासारखी दोन-तीन शस्त्रे आहेत, आणि ती व्यवस्थापकीय कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. राजीनामा देणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते झाले पाहिजे. पंचेचाळीस किंवा साठ दिवसांनी ‘फुल अँड फायनल’ करण्याची जुनी वहिवाट आता बेकायदा आहे. कोणत्याही वेतनकाळात एकूण वजावट वेतनाच्या निम्म्यापेक्षा अधिक करता येत नाही. दीड महिन्याचा सबंध पगार गिळंकृत करणारा वरील कागद येथेच अडतो. शिवाय भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो, म्हणून बेसिक चिमूटभर दाखवून रजेचा दर पाडण्याची युक्तीही आता मर्यादित झाली आहे. मात्र उरलेल्या रकमेसाठी दावा लावण्याची कंपनीची वाट मोकळीच राहते, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून आमची मागणी अशी की, नोटिशीची मुदत कायद्याने तीस दिवसांवर आणावी, वसुली आणि देणे एकाच दराने व्हावे, शिल्लक रजा नोटिशीत वळती करणे हा कामगाराचा हक्क मानावा, आणि बोनसची वसुली उरलेल्या महिन्यांपुरती व प्रत्यक्ष हाती आलेल्या रकमेपुरतीच असावी.

तोपर्यंत शाखांतील साथींनी आपल्या वस्तीतील या तरुणांची नेमणूकपत्रे एकत्र बसून वाचावीत. सही करण्याआधी कागद दाखवा, असे त्यांना सांगावे. अंतिम हिशेब ओळवार मागून घ्यावा, आणि दबावाखाली पैसे भरावेच लागले तर ‘हरकत कायम ठेवून’ असे लिहून भरावेत. वेतनसंहितेखालील दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो, आणि तो एकट्या कामगारानेच लावला पाहिजे असे नाही. तो ज्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद असेल तिलाही लावता येतो.