राजा मेलेला नाही

इंग्रजी 'चेकमेट' हा शब्द फारसी 'शाह मात'वरून आला, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. अडचण त्याच्या पुढच्या वाक्यात आहे. बुद्धिबळावरचा लेख असो, राजकारणावरचे सदर असो की कादंबरीतली तळटीप, तिथे हमखास लिहिलेले असते: 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला'. लिहिणाऱ्याला हा अर्थ कुठल्यातरी इंग्रजी कोशात सापडलेला असतो आणि वाचणाऱ्याला तो नाट्यमय वाटतो, त्यामुळे पुन्हा तपासायची गरज कोणालाच भासत नाही. माझा या वाक्याला आक्षेप आहे. ते चुकीचे आहे एवढ्यापुरताच तो नाही. हिंदी, उर्दू, बंगाली, मराठी या भाषांनी 'मात' हा शब्द फारसीच्या तोंडून घेतला. तरी त्याचा अर्थ विचारायला आपण लंडनचा दरवाजा ठोठावतो, हे मला अधिक खटकते.

आधी पटाकडे पाहू. बुद्धिबळात हत्ती मारता येतो, घोडा मारता येतो, वजीरही मारता येतो. राजा मात्र कधीच मारला जात नाही. त्याच्यावर हल्ला झाला आणि त्यातून सुटायला एकही वैध खेळी उरली नाही, की डाव तिथेच थांबतो. राजा आपल्या घरात उभाच असतो. एक साधी स्थिती डोळ्यांपुढे आणा. काळा राजा पटाच्या कोपऱ्यात आहे. त्याच्या शेजारच्या घरात त्याचाच हत्ती आहे आणि समोरच्या दोन घरांत त्याचीच दोन प्यादी आहेत. राजासमोरच्या प्याद्यापासून दोन घरे आत, त्याच आडव्या रांगेत, पांढरा घोडा येऊन बसतो आणि शह देतो. घोड्याला मारू शकेल असे काळ्याचे एकही मोहरे नाही, आणि घोड्याचा शह मध्ये काही घालून अडवता येत नाही. राजाला हलायचे आहे, पण हलायची तिन्ही घरे त्याच्याच माणसांनी अडवली आहेत. ही मात आहे. इथे कोण मेले? कोणीच नाही. राजा निरुपाय झाला, आणि तोही स्वतःच्या संरक्षकांमुळे. या स्थितीचे वर्णन 'राजा मेला' असे करणाऱ्याने एकतर पट पाहिलेला नाही, किंवा पाहून त्यावर विश्वास ठेवलेला नाही.

आता भाषेकडे येऊ. फारसीला 'राजा मेला' म्हणायचे असते, तर तिच्यापाशी स्वतःचे क्रियापद होते: 'मुर्दन', म्हणजे मरणे. त्यापासून 'मुर्दा' झाला आणि तोच मराठीत 'मुडदा' होऊन राहिला. म्हणजे मेलेल्या राजासाठी फारसी शब्द आपल्या शिव्यांतसुद्धा आहे. पटावर मात्र तो नाही. दुसरी शक्यता अरबीची. अरबीत 'माता' म्हणजे 'तो मेला', आणि 'राजा मेला'वाल्यांचा सगळा डोलारा या एका क्रियापदावर उभा आहे. पण 'मेलेला' या अर्थाचे अरबी विशेषण 'मय्यित' आहे. तेही आपण घेतले आहे: तलाठ्याच्या दप्तरात 'मयत खातेदार' असतो, पोलिसांच्या पंचनाम्यात 'मयत इसम' असतो. कामगार म्हणून हे तिन्ही शब्द मराठीत रोज राबतात. मुडदा मेलेला आहे, मयतही मेलेला आहे. मात मात्र ज्याच्यावर होते तो जिवंत असतो. मात 'खाल्लेला' माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा निवडणुकीला उभा राहतो. आपण आजारावर मात करतो, परिस्थितीवर मात करतो. तिथे 'मात'च्या जागी 'मरण' घालून पाहा, वाक्य कोसळते.

खुद्द फारसीत 'मात' हे विशेषण आहे: चकित, सुन्न, काय करावे न सुचणारा, जागच्या जागी खिळलेला. 'मात-ओ-मब्हूत' ही जोडी तिथे आजही थक्क होऊन उभ्या राहिलेल्या माणसासाठी वापरतात. 'शाह मात' ही रचनाही फारसीच आहे: आधी नाम, मग विधेय, आणि 'आहे' गाळलेले. अरबी माणूस हेच सहजपणे बोलला असता, तर त्याने 'शाह'ला स्वतःचे 'अल्' हे उपपद लावले असते आणि बहुधा क्रियापद आधी ठेवले असते. फारसी वाक्य एवढेच सांगते: शाह निरुपाय आहे.

मग मरण आले कुठून? प्रवासातून. सातव्या शतकाच्या मध्याला सासानी साम्राज्य अरबांच्या हाती गेले आणि त्याबरोबर हा खेळही गेला. संस्कृत 'चतुरंग' इराणात 'चतरंग' झाला होता. अरबीत 'च' नाही आणि 'ग'ही नाही, म्हणून तिथे तो 'शतरंज' झाला. 'शाह' हा परका शब्द परका म्हणूनच राहिला. 'मात' मात्र अरबी कानाला परका वाटलाच नाही, कारण हुबेहूब तसा आवाज असलेले क्रियापद त्यांच्या घरात होते. परक्या शब्दाला घरचा अर्थ चिकटवणे ही कोणत्याही भाषेची जुनी सवय आहे, त्यात अरबांचा दोष नाही. पुढे युरोपने हा खेळ मुख्यतः अरबांकडून घेतला आणि खेळाबरोबर हा ऐकीव अर्थही उचलला.

युरोपात गेल्यावर दोन्ही शब्दांच्या वाटा फुटल्या. 'शाह' जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झाला. त्याच्या अनेकवचनातून इंग्रजीला 'चेस' मिळाले, एकवचनातून 'चेक' मिळाले. पटासारख्या चौकटी आखलेल्या कापडावर हिशेब मांडत, म्हणून इंग्लंडच्या राजकोषाला 'एक्स्चेकर' नाव पडले. आपण बँकेत भरतो तो चेक आणि अंगात घालतो तो चेक्सचा शर्ट याच घराण्यातले. म्हणजे मराठीने एकच फारसी राजा दोनदा घेतला: एकदा थेट, 'शह' म्हणून; आणि एकदा विलायतेहून परत आलेला, 'चेक' म्हणून. रशियन भाषेने तर 'शाह मात' या जोडीलाच खेळाचे नाव करून टाकले: 'शाखमाती'. जर्मनमध्ये 'माट' म्हणजे थकलेला, निस्तेज. म्हणजे मरणाचा अर्थ पुस्तकांतून फिरत राहिला तरी बोलीतल्या शब्दांत जुना, गलितगात्र राजाच शिल्लक राहिला.

यावर एक गंभीर प्रतिवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. 'मात'ची मूळ व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही अभ्यासक म्हणतात की फारसीतला 'चकित' हा अर्थच खेळातून बोलीत उतरला असेल, आणि खेळातला शब्द शेवटी अरबीच असेल. क्षणभर हे मान्य करू. तरीही काय उरते? फारसी बोलणाऱ्यांनी पटावरच्या त्या राजाकडे पाहिले आणि त्यातून 'मेलेला' हा अर्थ न घेता 'खिळलेला, सुन्न' हा अर्थ घेतला. शब्द कुठल्याही गावचा असो, तो फारसीत कोणत्या अर्थाने नांदला आणि आपल्याला कोणत्या अर्थाने मिळाला, हे त्यामुळे बदलत नाही. व्युत्पत्ती म्हणजे शब्दाचे जन्मगाव. अर्थ म्हणजे त्याचा संसार. जन्मदाखला दाखवून संसार रद्द करता येत नाही.

फिर्दौसीच्या 'शाहनामा'त बुद्धिबळाच्या जन्माची एक कथा आहे. हिंदच्या राणीचे दोन मुलगे, गव आणि तल्हंद, सिंहासनासाठी लढतात. तल्हंद रणात वेढला जातो आणि हत्तीच्या पाठीवरच प्राण सोडतो. कोणाच्या शस्त्राने तो पडलेला नसतो. आई गवला खुनी ठरवते. तेव्हा शहाणी माणसे पट तयार करून तिला दाखवतात की तिचा मुलगा कसा कोंडला गेला. तल्हंद मेला हे खरे, पण ते सांगायला पटाची गरज नव्हती. ते आईला ठाऊकच होते. पट मांडला तो त्याला कोणी मारले नाही हे सांगण्यासाठी. कथेचा सगळा भार 'मारले' आणि 'कोंडले' यांतल्या फरकावर आहे. भाषांतरकाराने तो फरकच पुसला, तर आईपुढे पट मांडण्याला काही कारणच उरत नाही.

हे केवळ कोशातले भांडण नाही. प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाड़ी'चे एक भाषांतर मी संपादनाच्या टप्प्यावर पाहिले, तेव्हा प्रकाशकाकडच्या कोणीतरी 'मात'ला तळटीप जोडली होती: 'शब्दशः, राजा मेला.' ती काढायला मला तीन पत्रे लिहावी लागली. त्या कथेत घडते काय? 1856मध्ये कंपनी सरकार अवध गिळते. वाजिद अली शाह रक्ताचा थेंब न सांडता पकडला जातो. इतिहासातला हा शाह पुढे कलकत्त्याला, मटियाबुर्जला राहिला आणि 1887पर्यंत जगला. कथेत मरतात ते दोन खेळाडू, लाकडी राजांसाठी तलवारी उपसून. राजा जिवंत आणि निरुपाय, प्रजा मेलेली: कथेचा डंख इथेच आहे. 'राजा मेला' ही तळटीप तो डंख काढून टाकते, आणि वर ज्ञान दिल्याचा आव आणते.

आपल्याकडे याच्या उलट टोकाचीही एक हौस आहे. खेळ भारतातून गेला, म्हणून 'मात'ही आमचाच, 'मृत'चा अपभ्रंश, असे कोणी कोणी ठोकून देतात. संस्कृत 'मृत'चा फारसी भाऊबंद 'मुर्दा' आहे, 'मात' नव्हे. गेलेला खेळ आपला आणि परत आलेले शब्द फारसी, असे दोन्ही एकाच वेळी खरे असायला काही हरकत नाही.

संपादकांकडे आणि सह-अनुवादकांकडे माझे मागणे छोटे आहे. यापुढे 'शाह मात'चा अर्थ द्यायचा झाला तर 'राजा निरुपाय' असा द्या. 'राजा मेला' लिहायचेच असेल, तर तो अरबी कानाने ऐकलेला अर्थ आहे हेही सोबत लिहा. मेलेल्या राजाला कोणी जबाबदार धरत नाही. त्याच्या नावाने सुतक पाळतात आणि विषय मिटतो. निरुपाय राजा मात्र समोर उभा असतो, आणि त्याची वाट कोणी अडवली हे विचारावेच लागते. कोपऱ्यातल्या त्या काळ्या राजाकडे पुन्हा पाहा: तीनपैकी तिन्ही घरे त्याच्याच माणसांनी अडवलेली होती.