घोट्याच्या मागे बोट ठेवून पाहा

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,

माझी तीन पत्रे आपल्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत आहेत. पहिले जानेवारी २०२५ चे, दुसरे मार्चचे, तिसरे जुलैचे. एकाचेही उत्तर आले नाही, म्हणून हे चौथे पत्र सगळ्यांना वाचता येईल असे लिहितो आहे. प्रकरण आपल्याला ठाऊक आहे. आमच्या शाळेची १६ वर्षांची खो-खोपटू, उजवा घोटा, आपल्या ओपीडीचे चार केसपेपर.

ऑगस्ट २०२४ मध्ये ओल्या मैदानावर हुलकावणी देताना तिचा पाय आत वळला आणि घोटा बाहेरच्या बाजूने मुरगळला. पहिल्या दिवशी आपल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड मोडलेले नाही हे पाहिले, क्रेप बँडेज बांधले, गोळ्या दिल्या आणि तीन आठवडे विश्रांती सांगितली. त्या दिवसाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार त्यानंतरच्या तीन खेपांबद्दल आहे. ऑक्टोबरमध्ये आम्ही गेलो तेव्हा सूज उतरून महिना झाला होता, पण जिना उतरताना दुखायचे आणि पाय फिरवला की घोट्याच्या मागे टक असा आवाज यायचा. एक्स-रे, नॉर्मल, क्रेप बँडेज, गोळ्या. डिसेंबरमध्ये पुन्हा एक्स-रे, नॉर्मल, या वेळी तीन आठवडे प्लास्टर. मार्चमध्ये पुन्हा एक्स-रे, नॉर्मल, आणि तिच्या आईसमोर सांगण्यात आले की मुलीला परीक्षेचा ताण आहे, दुखणे मनातले आहे.

गावापासून आपले रुग्णालय ३४ किलोमीटर. चार खेपा, चार एक्स-रे, शाळेचे नऊ दिवस, आईची नऊ दिवसांची मजुरी. सात महिन्यांत चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी तिला पाहिले. मी चारही वेळा शेजारी उभा होतो. कुठे दुखते ते एका बोटाने दाखव, असे तिला कोणीही म्हटले नाही. कोणी तिला चालायला लावले नाही, एका पायावर उभे केले नाही, पाऊल बाहेर ढकलायला सांगून तिची ताकद पाहिली नाही. चारही वेळा फिल्म उजेडासमोर धरली गेली. पाय टेबलाखालीच राहिला.

जूनमध्ये मी तिला दुसऱ्या शहरातल्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे नेले. निदानाला पंधरा मिनिटे लागली. त्या पंधरा मिनिटांत काय घडले ते सविस्तर लिहितो, कारण त्यात असे एकही साधन नव्हते जे आपल्या ओपीडीत नाही.

मुलीला खाटेच्या कडेवर बसवून मॅडमनी पहिला प्रश्न केला, ‘एक बोट ठेव, कुठे?’ तिने बोट ठेवले ते बाहेरच्या घोट्याच्या मागे, हाड आणि टाचेची जाड शीर यांच्यामधल्या खोलगट जागी. मॅडम म्हणाल्या की अर्धे उत्तर इथेच मिळाले. पाय आत वळून मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा दुखावते ते घोट्याच्या पुढच्या-खालच्या अंगाचे लिगामेंट. ते दुखले तर बोट पुढे जाते. मागे आहेत त्या दोन पेरोनिअल कंडरा, म्हणजे टेंडन. पोटरीच्या बाहेरच्या स्नायूंपासून त्या खाली येतात, घोट्याच्या हाडामागच्या खोबणीतून वळतात आणि एक करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाच्या बुडाला, तर दुसरी तळपायाखालून आडवी जाऊन अंगठ्याच्या बाजूला जोडलेली असते. त्या खोबणीतून सटकू नयेत म्हणून वरून एक पट्टीसारखा पडदा त्यांना धरून ठेवतो. पाय आत कोलमडायला लागला की त्याला बाहेर खेचून सावरायचे काम याच दोघींचे. त्यामुळे मुरगळताना त्यांना हिसका बसतो, आणि पुढे लिगामेंट सैल राहिले की प्रत्येक पावलाला त्यांनाच जादा राबावे लागते. खोबणीच्या वळणावर घासून त्या सुजतात.

मग मॅडमनी तिच्या पावलाच्या बाहेरच्या कडेला तळहात लावला आणि म्हणाल्या, ‘माझा हात बाहेर ढकल.’ डाव्या पायाने तिने हात सहज ढकलला. उजव्याने ढकलताना घोट्यामागे कळ आली आणि पाऊल थरथरले. शेवटी घोट्याच्या मागे दोन बोटे ठेवून तिला पाऊल गोल फिरवायला सांगितले. मॅडमनी माझीही बोटे तिथे ठेवली. कातडीखाली दोरी दोरीवरून घसरावी तशी ती टक माझ्या बोटांना लागली. कित्येक महिने मी तो आवाज ऐकत होतो, हाताला तो त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

प्रत्येक आवाज आजार नसतो, हे मॅडमनी स्पष्ट सांगितले. दुखत नसेल, सूज नसेल, तर घोट्याच्या नुसत्या टकटकीला काही करावे लागत नाही. आवाजासोबत कळ असेल तर टेंडन जागेवर राहते का ते पाहायचे. पाऊल वर आणि बाहेर ताणल्यावर टेंडन हाडाच्या कडेवर उडी मारताना डोळ्यांना दिसले, तर धरून ठेवणारा पडदा फाटलेला असू शकतो आणि तिथे व्यायामावर न थांबता शल्यचिकित्सकाचे मत घ्यावे लागते. आमच्या मुलीची टेंडन खोबणीतच होती. पाय हलवत केलेल्या सोनोग्राफीत तेच दिसले: वेष्टनात पाणी, एक टेंडन जाड झालेली, चीर नाही. साध्या एक्स-रेत हाड दिसते, टेंडन दिसत नाही. टेंडनचे दुखणे शोधायला चार वेळा हाडाचा फोटो काढून चार वेळा नॉर्मल लिहिले गेले, ते याचमुळे.

इथे माझीही चूक सांगायला हवी. घोटा आखडला आहे असे समजून मी तिला रोज पायरीवर टाच खाली सोडून पोटरी ताणायला लावत होतो, सकाळ-संध्याकाळ, पाच महिने. पाऊल असे वर ताणले की टेंडन त्या वळणावर हाडाशी आणखी दाबली जाते. जे दुखणे मी घालवायला निघालो होतो ते मीच रोज घासत होतो. मला कोणी सांगितले नव्हते, हे खरे. पण मी ज्यांना विचारायला आलो होतो ते आपलेच रुग्णालय होते.

उपचार असा झाला. पहिले दोन आठवडे पळणे आणि हुलकावण्या बंद, चालणे आणि सायकल चालू, ताणायचे व्यायाम पूर्ण बंद. बुटात टाचेखाली एक सेंटीमीटरचा फोमचा तुकडा, म्हणजे वळणावरचा दाब कमी होतो. भिंतीला पावलाची बाहेरची कड टेकवून ४५ सेकंद दाबून धरायचे, पाच वेळा, दिवसातून दोनदा. पाऊल हलत नाही, टेंडनला फक्त काम मिळते. तिसऱ्या आठवड्यापासून रबरी पट्टा पावलाला अडकवून बाहेर ओढायचा, तीन मोजत बाहेर, तीन मोजत परत, पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. जोडीला टाचा उचलणे, आधी दोन पायांवर, मग एका. वर जाताना भार करंगळीकडे पडू द्यायचा नाही, अंगठ्याच्या बुडाशी ठेवायचा. पहिल्या दिवशी डाव्या पायावर तिने २४ वेळा टाच उचलली, उजव्यावर ९ वेळा.

सगळ्यात उपयोगी ठरला तो दुखण्याचा नियम. दहापैकी तीनपर्यंत दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखता कामा नये. दुखले तर एक पायरी मागे. सातव्या आठवड्यात ती मला न सांगता सरावात पळती करायला उतरली. दुसऱ्या दिवशी घोट्यामागची खोलगट जागा पुन्हा भरून आली. दोन आठवडे मागे जावे लागले. ती रडली, पण कारण हातात होते म्हणून घाबरली नाही.

त्यानंतर एका पायावर तोल, आधी जमिनीवर, मग उशीवर, मग भिंतीवर चेंडू फेकत. मग उड्या. मग सरळ धावणे, मग इंग्रजी आठच्या आकारात, मग चौकोनांमधून नागमोडी, आणि सगळ्यात शेवटी खरी हुलकावणी, कारण तिथेच पाय आत कोलमडतो आणि टेंडनला एका क्षणात सगळा भार घ्यावा लागतो. सोळा आठवडे लागले. शेवटच्या मोजणीत उजवा पाय २३, डावा २५. पाय फिरवला तर अजूनही कधी कधी टक वाजते. दुखत नाही.

डिसेंबरचे प्लास्टर चुकीचेच होते असे मी म्हणत नाही. थोडे दिवस घोटा स्थिर ठेवल्याने सुजलेल्या टेंडनला आराम मिळतो, हे मॅडमनीही सांगितले. माझा प्रश्न वेगळा आहे. प्लास्टर काढले त्या दिवशी तिची उजवी पोटरी डाव्यापेक्षा दोन सेंटीमीटर बारीक होती. शिंप्याची टेप लावून मी घरी मोजली. तिला हातात काय दिले? गोळ्या. आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावर भौतिकोपचार कक्ष आहे. मी तो पाहिला आहे. अस्थिरोग ओपीडीच्या दारापासून मोजून ६० पावले. त्या ६० पावलांची चिठ्ठी सात महिन्यांत एकाही डॉक्टरने लिहिली नाही. ती ऑक्टोबरमध्ये लिहिली असती, तर मुलीचा आख्खा मोसम आणि तिच्या आईचे पैसे वाचले असते. मुलगी खोटे बोलते हा शिक्का तर तिच्यावर बसलाच नसता. त्या वाक्याबद्दल तिची क्षमा मागायला हवी, आणि ती केसपेपरवर नोंदवायला हवी.

नवे यंत्र मागत नाही, नवे पद मागत नाही. मुरगळलेला घोटा सहा आठवड्यांनंतरही दुखत असेल तर नवा एक्स-रे लिहिण्याआधी रुग्णाला एका बोटाने जागा दाखवायला सांगा, पाऊल बाहेर ढकलायला लावा आणि तळमजल्यावर पाठवा. हे लेखी आदेशाने आपल्या ओपीडीत लावा.

येत्या मंगळवारी मी आणखी एका मुलीला घेऊन येतो आहे. वय १४, डावा घोटा, मुरगळून नऊ आठवडे झाले, आधीचा एक्स-रे नॉर्मल. ती बोट मागे ठेवते.

आपला,
एक क्रीडाशिक्षक