आधी सोनोग्राफी, मग प्रोजेस्टेरॉन

‘मॅडम, डाग दिसायलेत, गर्भ टिकायची गोळी द्या.’ हदगावसारख्या तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणाऱ्या कुणालाही ही मागणी नवी नाही. बहुतेक वेळा जावेच्या किंवा बहिणीच्या उरलेल्या गोळ्या आधीच घेऊन झालेल्या असतात. ती गोळी कुणाला खरोखर उपयोगी पडते आणि कुणाला नाही, याचा पुरावा आता आपल्या हाती आहे. तो रोजच्या चिठ्ठीत उतरायला हवा, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन बीजकोषातल्या पीतपिंडातून येते. ते गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्याजोगे करते, स्नायूंचे आकुंचन शांत ठेवते आणि आईच्या प्रतिकारशक्तीला गर्भ सहन करायला लावते. साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात हे काम वार हाती घेते. हा बदल 1970 च्या दशकात आर्पाड चापो यांनी दाखवून दिला. सात आठवड्यांच्या आत पीतपिंड काढला तर गर्भपात होई, प्रोजेस्टेरॉन दिले तर गर्भ टिके, आणि उशिरा काढला तर गर्भ आपोआप तग धरी. म्हणूनच पीळ पडलेल्या किंवा फुटलेल्या गाठीसाठी सुरुवातीच्या आठवड्यांत शस्त्रक्रिया करताना पीतपिंड निघाला, तर प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. केवळ हार्मोन देऊन अस्तर तयार केलेल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या चक्रातही तेच, कारण तिथे पीतपिंड नसतोच.

पण डाग पडलेल्या बाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन कमी आढळले, तर त्यामुळेच गर्भ पडतो आहे असे समजू नये. गर्भच सदोष असेल तर त्याच्याकडून येणारे एचसीजी घटते आणि पीतपिंडाचे कामही मंदावते. लवकरच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो. तिथे बाहेरून दिलेले हार्मोन काही करू शकत नाही.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रिझम या ब्रिटिश चाचणीने हे नीट मोजले. रक्तस्राव झालेल्या 4153 स्त्रियांना सोळा आठवड्यांपर्यंत योनीमार्गे 400 मि.ग्रॅ. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन किंवा बनावट गोळी दिवसातून दोनदा दिली. जिवंत बाळ होण्याचे प्रमाण एकूण 75 विरुद्ध 72 टक्के होते, म्हणजे ठाम फरक नाही. मात्र आधी तीन किंवा अधिक गर्भपात झालेल्यांत ते 72 विरुद्ध 57 टक्के निघाले. एकही गर्भपात न झालेल्यांत फायदा दिसला नाही. हा उपगटाचा निष्कर्ष असल्याने थोडा जपून घ्यावा लागतो. तरी 2021 पासून ब्रिटनच्या नाइस संस्थेने रक्तस्राव आणि आधीचा गर्भपात दोन्ही असलेल्यांना हे औषध देऊ केले आहे, अट एवढीच की गर्भ पिशवीतच असल्याचे सोनोग्राफीत दिसले पाहिजे.

उदाहरण घ्या. सात आठवड्यांची, आधी एक गर्भपात झालेली, कापूस वेचणीवर जाणारी बाई डाग घेऊन आली. पिशवीत 9 मि.मी.चा गर्भ, ठोके स्पष्ट. तिला 400 मि.ग्रॅ. सकाळ-रात्र योनीमार्गे सुरू करावे, ठोके कायम असतील तर सोळा आठवड्यांपर्यंत. गोळी खालून घ्यायला ती लाजेल आणि घरी जाऊन तोंडाने घेईल. तोंडाने घेतल्यास बराचसा भाग यकृतातच मोडतो आणि झापड येते. हे तिला तिच्या भाषेत सांगायला दोन मिनिटे काढा. पांढरट चिकट पाणी आले तर औषध वाया गेले असे नाही, हेही सांगा. अंथरुणाला खिळून राहायला लावू नका, त्याने गर्भपात टळतो असा पुरावा नाही, आणि तिची मजुरी मात्र बुडते.

याच बाईची पिशवी सोनोग्राफीत रिकामी असती, तर चित्र बदलते. एका बाजूला दुखते, चक्कर येते, पण गर्भ कुठे आहे हे दिसत नाही, अशा वेळी गोळी देऊन ‘पंधरा दिवसांनी या’ म्हणणे धोक्याचे आहे. नळीतला गर्भ फुटला तर नांदेड गाठेपर्यंतचा वेळ मिळेलच असे नाही. तिथे एचसीजीची चाचणी 48 तासांनी पुन्हा करायची आणि तिला लगेच पुढे पाठवायची तयारी ठेवायची.

गर्भ 7 मि.मी. किंवा अधिक असूनही ठोके नसतील, किंवा गर्भाची पिशवी 25 मि.मी. झाली तरी आत गर्भ नसेल, तर दुसऱ्या जाणकाराकडून खात्री करून घ्या आणि प्रोजेस्टेरॉन थांबवा. त्याहून लहान मापे असतील तर किमान आठवड्याने पुन्हा तपासा, घाईने निकाल देऊ नका.